मागच्या बाकावरची तनुजा: शाळेत पहिली पाळी आली तर वर्गमैत्रिणीने काय करायचं

सातवीच्या मुलींना पाळीबद्दल सांगताना मी आकृतीपासून सुरुवात करत नाही. गर्भाशयाची आकृती त्या वहीत छान काढतात, नावंही देतात. पण भर वर्गात पुढच्या मुलीच्या स्कर्टला डाग दिसला तर पहिल्या मिनिटात काय करायचं, हे त्या आकृतीत कुठेच नसतं. म्हणून मी एक गोष्ट सांगते आणि सांगता सांगता थांबते. जिथे थांबते तिथे करायचं काय, ते बोलते. इथेही तसंच करते आहे. गोष्ट रचलेली आहे, पण त्यातली प्रत्येक अडचण शाळेत रोज येणारी आहे.

सातारा जिल्ह्यातलं एक गाव, तिथली शाळा, शनिवार. शनिवार म्हणजे सकाळची शाळा, कवायत आणि पांढरा गणवेश. श्रावणीच्या ओटीपोटात उठल्यापासून काहीतरी जड जड वाटत होतं. घाईत नुसता चहा पिऊन आलो म्हणून असेल, असं तिला वाटलं. कवायत झाली, मुली घामाघूम होऊन वर्गात आल्या, गणिताचा तास सुरू झाला. सरांनी फळ्यावर अपूर्णांकांचं उदाहरण घातलं. श्रावणी ते उतरवून घ्यायला जराशी पुढे सरकली, आणि तिच्या मागच्या बाकावर बसलेल्या तनुजाला तिच्या स्कर्टवर रुपयाच्या नाण्याएवढा तपकिरी डाग दिसला.

तनुजा श्रावणीची खास मैत्रीण नव्हती. दोघी एका गटात डबाही खात नसत. मुली मला नेहमी म्हणतात, "पण आमची तेवढी ओळखच नसेल तर?" डाग मैत्रिणीला आधी दिसेल असं काही नसतं, तो मागे बसलेल्या मुलीला दिसतो. ज्या मुलीला दिसला तिनेच पहिलं पाऊल उचलायचं.

पहिलं वाक्य

तनुजाने काय केलं नाही ते आधी बघू. तिने चिठ्ठी लिहिली नाही. सातवीच्या वर्गात चिठ्ठी तीन हातांतून जाते आणि चौथ्या हाताशी पकडली जाते. तिने शेजारणीला कोपराने ढोसून "बघ ना" असंही केलं नाही. आणि श्रावणीला मागून हाक मारली नाही, कारण हाक आली की मूल वळतं, वळता वळता अर्धवट उठतं, आणि मग अख्खी रांग बघते.

सर फळ्याकडे वळल्यावर तिने पेन्सिल खाली टाकली. ती उचलायला वाकताना श्रावणीच्या कानाशी म्हणाली, "उठू नकोस. तुझ्या स्कर्टला मागे थोडं लागलंय. मी सांगते तेव्हा माझ्याबरोबर बाहेर चल."

या वाक्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. "उठू नकोस" हे सगळ्यात आधी, कारण डाग लागलाय असं ऐकताच मुलगी उभी राहून मागे बघते. मग काय झालंय ते, मोघम पण खरं. आणि शेवटी पुढे काय करायचं ते. नुसतं "डाग लागलाय" एवढं सांगून गप्प बसलात, तर पुढची दहा मिनिटं ती मुलगी एकटीच घाबरत बसते.

वेळही बघावी लागते. तास संपायला दोन मिनिटं राहिली असतील तर लगेच निघायचं नाही. घंटा झाली की सगळे उभे राहतात, दारात गर्दी होते आणि मागचा प्रत्येक जण पुढच्याची पाठ बघत असतो. अशा वेळी श्रावणीला बसूनच राहायला सांगायचं आणि वर्ग रिकामा होऊ द्यायचा. तास संपायला वेळ असेल तर मात्र तेव्हाच निघणं सोपं जातं, कारण सगळे बसलेले असतात आणि व्हरांडा मोकळा असतो.

परवानगी आणि दारापर्यंतची वाट

तनुजा उभी राहिली. "सर, श्रावणीला बरं वाटत नाहीये. मी तिला घेऊन बाहेर जाते."

सर म्हणाले, "काय होतंय?"

"पोट दुखतंय, सर."

हे खोटं नव्हतं. पोट दुखतच होतं. समोर सर असोत की बाई, एवढंच वाक्य पुरतं. शिक्षकांना माझं एक सांगणं आहे: सहावी-सातवीतली मुलगी दुसरीला सोबत घेऊन बाहेर जायला मागत असेल, तर वर्गासमोर "काय होतंय" विचारू नका आणि "एकीनेच जा" असंही म्हणू नका. फार तर पाच मिनिटं वाया जातील, आणि तेवढी गेली तरी चालतील.

आता झाकायचं कसं? हिवाळा असेल तर स्वेटरच्या बाह्या कमरेला बांधायच्या, मागची बाजू आपोआप झाकते. आठवीपासून पंजाबी ड्रेसवर ओढणी असते, ती जरा सैल सोडली की काम होतं. पण सातवीच्या शनिवारी स्वेटरही नव्हता आणि ओढणीही नव्हती. तनुजाने श्रावणीला दप्तर एका खांद्याला, पट्टा लांब करून, मागे खाली लोंबेल असं घ्यायला सांगितलं आणि स्वतः तिच्या मागे हातभर अंतरावर चालली. अगदी चिकटून चाललं तर उलट लोकांच्या नजरेत येतं.

आणखी एक युक्ती आहे, आणि ती फार कामाची आहे. स्कर्टच्या कमरेला इलॅस्टिक असेल तर बसल्या बसल्याच स्कर्ट हळूहळू फिरवून डाग पुढे आणायचा. पुढचा डाग वहीने किंवा दप्तराने झाकता येतो आणि तो आपला आपल्याला दिसतही राहतो. पट्टा आणि बटणं असलेला पिनाफोर असेल तर हे जमत नाही, तिथे दप्तरच वापरावं लागतं. निळ्या गणवेशावर डाग लाल दिसत नाही, नुसती ओल आल्यासारखा दिसतो, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार ही गडबड जरा कमी असते. पांढरा शनिवार मात्र कठीण.

स्वच्छतागृहात, पॅडच्या आधी

दार लावल्यावर श्रावणी म्हणाली, "मला कुठे लागलं असेल गं? कवायतीत पडले पण नाही."

हे ऐकून हसू येईल, पण तिला खरंच तसं वाटत होतं. तिने आईकडून ऐकलं होतं ते एवढंच, की "मोठी झालीस की कळेल". ताई बाजूला बसते तेव्हा तिला कावळा शिवलेला असतो, हेही ऐकलं होतं. रक्त लाल असतं हे तिला माहीत होतं, आणि हे तर तपकिरी होतं, चिकट, चहाच्या डागासारखं. त्यामुळे ही पाळी असेल असं तिच्या मनातही आलं नाही.

पहिल्या पाळीत हे नेहमी होतं. स्राव थोडा असतो आणि सावकाश बाहेर येतो, तोवर रक्ताचा हवेशी संबंध येऊन त्याचा रंग गडद होतो. काही मुलींना पहिल्या दिवशी नुसते ठिपके दिसतात आणि दुसऱ्या दिवशी लाल स्राव सुरू होतो. काहींचं पहिल्यांदा दोन दिवसांतच संपतं.

तनुजा म्हणाली, "लागलेलं नाहीये. ही पाळी आहे. मला सहावीच्या परीक्षेच्या वेळी आली. माझंही पहिल्यांदा असंच तपकिरी होतं."

बास, एवढंच. या जागी लांबलचक माहिती देऊ नये. घाबरलेल्या मुलीला तीन गोष्टी हव्या असतात: ही जखम नाही, याला नाव आहे, आणि समोरचीलाही हे होऊन गेलंय. "आता तू मोठी झालीस", "आता मुलांशी खेळायचं नाही", असलं काही तर मुळीच बोलायचं नाही. ते सांगायला घरचे, शेजारचे खूप जण टपलेले असतात.

पॅड लावणं

हात आधी धुवायचे. लावून झाल्यावर तर सगळेच धुतात, आधीचं विसरतं.

तनुजाच्या दप्तरात, पुस्तकांच्या मागच्या कप्प्यात, कागदी पाकिटात दोन पॅड होते. तिने एक दिला आणि दाराबाहेर उभी राहून सांगत राहिली. हे मला महत्त्वाचं वाटतं. आत जाऊन लावून द्यायचं नसतं, बाहेरून सांगायचं असतं. सांगणं साधारण असं:

निकर गुडघ्यापर्यंत खाली घे. ओली असेल तर रुमालाने दाबून टिपून घे, कारण ओल्या कापडावर पॅडचा गोंद धरत नाही आणि दहा पावलांत पॅड सरकतो. पॅडचं वरचं वेष्टण उघड, पण फेकू नकोस, नंतर लागेल. आता पॅडच्या मागचा लांब कागद काढ. जी बाजू चिकट आहे ती निकरच्या कापडावर, आणि मऊ पांढरी बाजू अंगाकडे. पॅड उभा, दोन पायांच्या मध्ये जी पट्टी येते तिच्यावर बसव. एक टोक रुंद असेल तर ते मागच्या बाजूला. पॅडला दोन्ही बाजूंना पंख असतील तर त्यांचेही कागद काढ आणि ते निकरच्या काठावरून खाली दुमडून चिकटव. तळहाताने तीन-चार सेकंद दाब. निकर वर घे, एकदा खाली बस, उठ. टोचत नसेल आणि सरकत नसेल तर बरोबर बसलाय.

चुका दोनच होतात. एक म्हणजे चिकट बाजू अंगाला. हे पहिल्यांदा बऱ्याच मुली करतात, कारण जखमेवरची पट्टी तशीच लावतात. काढताना केस ओढले जातात आणि पॅड जागेवर राहत नाही. दुसरी म्हणजे पॅड फार पुढे लावणं. ते कसं कळतं? पुढची बाजू कोरडी आणि निकरला मागे डाग. बसलेलं असताना स्राव मागे वाहतो, म्हणून वर्गात पॅड मधोमध किंवा किंचित मागे हवा.

आणि पॅड नसेलच तर? स्वच्छ सुती रुमाल लांबीत तीनदा घडी घालून निकरच्या आत ठेवायचा. त्याला पंख नसतात आणि गोंदही नसतो, म्हणून चालताना सरकतो. दोन्ही टोकांना निकरलाच बाहेरच्या बाजूने सेफ्टी पिना लावल्या तर घरी जाईपर्यंत टिकतो. पहिल्या पाळीचा स्राव थोडा असतो, तेव्हा तासाभराची सोय होते. प्रथमोपचार पेटीतला नुसता कापूस वापरू नये, त्याचे तंतू सुटून चिकटतात. हवाच असेल तर रुमालाच्या घडीत घालावा. नायलॉनची ओढणी किंवा टेरिकॉटचा तुकडा पाणी शोषत नाही, त्याचा उपयोग नाही.

डाग

श्रावणीला सगळ्यात जास्त काळजी डागाची होती. ती म्हणाली, "धुऊन टाकते." तनुजाने थांबवलं.

पांढऱ्या स्कर्टवर नाण्याएवढा डाग होता. तो नळाखाली धरला असता तर ताटाएवढी ओल झाली असती, आणि ती तपकिरी ठिपक्यापेक्षा लांबून दिसली असती. शाळा सुटायला दीड तास असेल तर कापड तेवढ्यात वाळतं का? उन्हाळ्यात कदाचित. पावसाळ्यात नाही. म्हणून शाळेत पूर्ण धुवायचा नाही, टिपायचा. रुमालाचा कोपरा गार पाण्यात भिजवून, पिळून, डागावर दाबायचा. घासायचं नाही, घासल्याने डाग पसरतो आणि धाग्यात आत जातो. दोन-तीनदा दाबून उचलला की रंग बराच फिकट होतो आणि ओल डागापुरतीच राहते. मग स्कर्ट फिरवून डाग बाजूला, बगलेच्या रेषेत आणायचा. हात खाली सोडला की झाकतो.

घरी गेल्यावर: गार पाणी. गरम पाणी कधीच नाही. रक्तात प्रथिनं असतात, ती उष्णतेने घट्ट होतात आणि धाग्याला धरून बसतात. डाग ताजा असेल तर उलट्या बाजूने, म्हणजे कापडाच्या आतून, गार पाण्याची धार सोडायची. मग साधा कपड्यांचा साबण लावून अर्धा तास ठेवायचा आणि हाताने चोळून धुवायचा. वाळलेला असेल तर रात्रभर गार साबणपाण्यात बुडवून ठेवायचा. डाग पूर्ण गेल्याची खात्री झाल्याशिवाय इस्त्री फिरवायची नाही, तीही उष्णताच आहे.

बाकाचं राहिलं होतं. श्रावणी आत असतानाच तनुजा एकटी वर्गात परत आली आणि "पाण्याची बाटली न्यायला आले" म्हणून श्रावणीच्या बाकाशी गेली. बाकावर पुसट ओला डाग होता. तिने बाटली उघडून थोडं पाणी त्याच जागी सांडलं. शेजारच्या रांगेतला ओमकार म्हणाला, "काय केलंस गं?"

"पाणी सांडलं."

ओमकारने बाकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याने फडताळातून फळा पुसायचं जुनं फडकं काढून तिच्याकडे टाकलं आणि पुन्हा उदाहरण सोडवायला लागला. त्याला कळलं की नाही, हे गोष्टीत मी सांगत नाही. मुलांच्या वर्गात सांगते तेव्हा मुलंच वाद घालतात. निम्मे म्हणतात कळलं, निम्मे म्हणतात नाही. मग मी विचारते, कळलं असेल तर त्याने अजून काय करायला हवं होतं? थोडा वेळ विचार करून त्यांचं उत्तर येतं, की काहीच नाही.

कोणत्या मोठ्या माणसाला सांगायचं

इथपर्यंत तनुजाने सगळं एकटीने केलं. पण बारा वर्षांच्या मुलीने दुसऱ्या बारा वर्षांच्या मुलीची पूर्ण जबाबदारी घ्यायची नसते. एका मोठ्या माणसाला कळायलाच हवं. कोणाला, ते श्रावणीने ठरवायचं. तनुजाने विचारलं, "देसाई बाईंना सांगू, की शिंदे मावशींना?" श्रावणी म्हणाली, बाईंना. "कुणालाही नको" असं ती म्हणाली असती, तर तनुजाने एवढंच म्हणायचं: "घरी तरी सांगशील ना? आज जाताच सांग." आणि पोटात फार दुखत असेल, चक्कर येत असेल, तर मात्र न विचारता बाईंना गाठायचं.

घरचा फोन श्रावणीच्या वडिलांकडे असायचा. आई शेतावर. इथे पुष्कळ शिक्षिका अडखळतात. "जरा लवकर या, शाळेत काम आहे" असं काहीतरी मोघम बोलतात. तिकडे माणूस धावत सुटतो, त्याला वाटतं पोरीला अपघात झाला. बाईंनी सरळ सांगितलं: "श्रावणीला पाळी आली आहे. ती ठीक आहे, वर्गात बसली आहे. घरी आल्यावर तिच्या आईला तिच्याशी बोलायला सांगा. येताना कुणी कपडे आणून देणार असेल तर निळा स्कर्ट आणि एक निकर पाठवा."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "बरं बाई. मीच घेऊन येतो."

पाळी हा शब्द, "ती ठीक आहे" हे दुसरंच वाक्य, आणि नेमकं काय आणायचं ते. वडिलांशी बोलायला एवढंच लागतं.

उरलेला दिवस

शनिवारी शाळा लवकर सुटते, त्यामुळे श्रावणीला शाळेत पॅड बदलावा लागला नाही. पूर्ण दिवसाच्या शाळेत मधल्या सुट्टीत बदलायचा. दर चार ते सहा तासांनी बदलायचा, भरला नसला तरी. जास्त वेळ ठेवला तर वास येतो, कातडी ओली राहून पुरळ उठतं.

काढलेला पॅड शौचालयाच्या भांड्यात टाकायचा नाही. पॅडच्या पोटात पाणी धरून ठेवणारी पूड असते, ती फुगते आणि भांडं तुंबतं. मग पुढचे चार दिवस मुलींचं स्वच्छतागृह बंद. नव्या पॅडचं जे वेष्टण ठेवलंय त्यात जुना पॅड गुंडाळायचा, त्यावर वर्तमानपत्राचा कागद, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकायचा. घनकचरा नियमांतही पॅड गुंडाळूनच द्यायला सांगितलं आहे. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने अशा पुडीवर लाल ठिपका काढायची पद्धत सुरू केली, म्हणजे कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईला ती पुडी उघडावी लागत नाही. शाळेच्या डब्याजवळ वर्तमानपत्राचे तुकडे आणि दोऱ्याला बांधलेलं एक लाल स्केचपेन ठेवलं की झालं. कापडी घडी वापरणाऱ्या मुलींनी ती गार पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायची. पलंगाखाली किंवा दुसऱ्या कपड्याच्या आत लपवून वाळवलेलं कापड दमट राहतं, त्रास तिथून सुरू होतो.

पोटदुखीसाठी गरम पाण्याची पिशवी, जरा चालणं. मैत्रिणीने स्वतःच्या दप्तरातली गोळी द्यायची नाही, अगदी आईने दिलेली असली तरी. ते काम घरच्यांचं किंवा डॉक्टरांचं. पीटीचा तास, खो-खो, सगळं चालतं, फक्त पोहणं नको. पोहण्याचं म्हटलं ते एवढ्याचसाठी, की पॅड पाण्यात पाणीच शोषून घेतो.

पुढच्या महिन्यांत

श्रावणीला पुढची पाळी दीड महिन्याने आली. तिच्या आईला वाटलं काहीतरी बिघडलं. बिघडलं नव्हतं. पहिली एक-दोन वर्षं पाळीचं अंतर 21 ते 45 दिवसांत कुठेही असू शकतं, आणि एका महिन्यात 25 तर दुसऱ्या वेळी 40 असंही होतं. कॅलेंडरवर पहिल्या दिवसाला खूण करत गेलं की वर्षभरात आपली चाल कळते. एका पाळीत एकूण रक्त साधारण 30 ते 40 मिलिलिटर जातं, म्हणजे चहाचे सहा ते आठ चमचे. दिसतं त्याहून बरंच कमी.

डॉक्टरांकडे जायच्या खुणा वेगळ्या आहेत आणि त्या नेमक्या आहेत. पॅड दर एक-दोन तासांनी पूर्ण भिजतो आहे. स्राव सात दिवसांच्या पुढे चालू आहे. मधलं अंतर 90 दिवसांहून जास्त झालं आहे. दुखण्यामुळे दर महिन्याला शाळा बुडते आहे. तसंच आठ वर्षांच्या आत पाळी आली, किंवा पंधरा पूर्ण होऊनही आली नाही, तरीही दाखवून घ्यायचं. छातीची वाढ सुरू झाल्यापासून साधारण दोन-तीन वर्षांत पहिली पाळी येते, आणि त्याआधी काही महिने निकरला पांढरा चिकट स्राव दिसायला लागतो. हे आयांनी लक्षात ठेवलं तर दप्तरात पॅड कधीपासून ठेवायचा ते आधीच कळतं.

दप्तरात काय ठेवायचं? दोन पॅड, घडी केलेली एक निकर, वर्तमानपत्राचा अर्धा कागद, एक प्लास्टिकची पिशवी (ओली निकर घालायला) आणि एक गडद रंगाचा सुती रुमाल. सगळं एका जुन्या कापडी पाकिटात मावतं. दोन पॅड का, तर एक स्वतःला आणि एक तनुजासारखी वेळ आली तर. जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड 2019 पासून 1 रुपयाला एक या दराने मिळतो, तेव्हा खर्चाचं कारण फारसं उरत नाही. गावात केंद्र नसेल तर आशाताईंना विचारावं.

सोमवारी तनुजाने श्रावणीला "काल कसं होतं, आई काय म्हणाली, किती दिवस होतं" असं काही विचारलं नाही. डब्याच्या वेळी एकदा "ठीक?" म्हणाली. श्रावणीने मान हलवली आणि कागदी पाकीट तिच्या दप्तरात परत ठेवलं, आत नवे दोन पॅड. या गोष्टीची वर्गात कुजबूज झाली नाही, कारण तनुजाने ती कुणाला सांगितलीच नाही. स्वतःच्या खास मैत्रिणीलाही नाही. ही श्रावणीची बातमी होती, सांगायची की नाही हे तिनेच ठरवायचं. काही मुली आपणहून सगळ्यांना सांगतात, त्यातही काही वाईट नाही.

देसाई बाईंनी मात्र एक केलं. ऑफिसच्या कपाटात कुलपात असलेली पॅडची पेटी मुलींच्या स्वच्छतागृहातल्या फळीवर आणून ठेवली. आधी पेटीसोबत एक वही होती, जी पॅड घेईल तिने नाव, इयत्ता आणि तारीख लिहायची. वर्षभर पेटी भरलेलीच राहिली होती आणि वहीत नावं होती जेमतेम चार. ऑफिसात पेटीवरून असा निष्कर्ष निघाला होता, की मुलींना गरज नाही. बाईंनी वही काढून टाकली. आता आठवीच्या दोन मुली दर सोमवारी पॅड मोजतात आणि किती कमी झाले ते बाईंना सांगतात. कुणी घेतले ते लिहीत नाहीत.